एकदाच बाहेर

आमच्या क्लासमध्ये शंका विचारायची एक शिस्त आहे. गणिताचा फोटो काढून पाठवायचा, पान पूर्ण दिसलं पाहिजे, आणि प्रश्नाखाली स्वतः केलेली झटापटही दिसली पाहिजे. नुसता प्रश्न पाठवून 'हे कसं करायचं' असं विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही. नियम सरांचा. सर म्हणजे माझा नवरा. मी मॅडम. घर खाली, क्लास वर, मध्ये एक जिना, आणि लग्न झाल्यापासून आम्ही त्या जिन्यावरून वर-खाली करतोय.

सर मोजणी शिकवायचे. किती प्रकारे निवडता येईल, किती प्रकारे मांडता येईल, तो सगळा भाग. मी त्रिकोणमिती, कलन, बाकीचं कोरडं कोरडं. कोरडं हा शब्द त्यांचा, माझा नाही. माझ्या तासाला मुलं गप्प बसायची आणि त्यांच्या तासाला हसण्याचा आवाज खालपर्यंत यायचा. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. जिवावरचं निभावलं. बोलणं हळूहळू परत आलं, उजवा हात थरथरायचा, पण पेन धरता यायचं. डॉक्टर म्हणाले, "बोलणं सुधारेल. आकडेमोडीचं सांगता येत नाही. वाट बघा." वाट बघणं हा माझा विषय नाही. मी दुसऱ्याच आठवड्यात वरचे सगळे तास माझ्याकडे घेतले, आणि क्लासचा फोनही.

त्या फोनचं सांगायला हवं. सगळ्या मुलांकडे तो नंबर 'सर' या नावाने आहे. शंका तिथेच येतात. सर आजारी आहेत एवढं मुलांना माहीत होतं, किती आजारी आहेत ते मी सांगितलं नव्हतं. परीक्षा तोंडावर, मुलं बिथरली असती, दुसऱ्या क्लासला गेली असती. म्हणून मीच उत्तरं द्यायला लागले, त्यांच्या नावाने. 'मी समजावतो', 'मी सांगतो', 'मला वाटलं होतं'. चार महिने मी त्या फोनवर पुरुष होऊन बोलत होते. प्रत्येक उत्तराच्या शेवटी सर लिहायचे, 'पटलं तर पुढे जा.' मीही लिहायचे.

आणि खाली, खिडकीशी बसलेला माणूस रोज विचारायचा, "काही आलं का गं? शंका वगैरे?"

"नाही हो. सगळे वर्गातच विचारतात."

"अच्छा," म्हणायचे आणि पुन्हा बाहेर बघायचे. मुलांनी शंका विचारली तरी हे काय सांगणार होते? गुणाकार करताना अडखळायचे. मुलांना चुकीचं काही सांगितलं असतं, मुलं हसली असती, ते मला बघवलं नसतं. म्हणून खोटं बोलले. बोलले तर बोलले.

त्या रविवारी लेक आली होती. मी स्वयंपाकघरात, फोन चार्जिंगला लावलेला. तो वाजला तेव्हा लेकीने उचलून सरळ बापाच्या हातात दिला. "बाबा, तुमच्या शंकाचा फोटो आलाय."

शंका हे आमच्या वर्गातल्या एका मुलीचं नाव पडलंय. खरं नाव हजेरीत आहे, हाक मात्र कुणी त्या नावाने मारत नाही. ही पोरगी शंकेशिवाय श्वास घेत नाही. तिचे फोटो नेहमी तिरके, आणि डाव्या कोपऱ्यात तिचा अंगठा असतोच असतो, शाईने माखलेला.

मी हात पुसत बाहेर येईपर्यंत सरांनी फोटो बघून फोन मांडीवर ठेवला होता. चेहरा फुलला होता. कित्येक दिवसांत मी तो चेहरा पाहिला नव्हता.

"पाच पत्रं, पाच पाकिटं," ते म्हणाले. "चव्वेचाळीस."

"बघ आई!" लेक जवळजवळ ओरडली. "एका नजरेत! आणि तू म्हणत होतीस..."

"मी काही म्हणत नव्हते," मी म्हटलं. म्हणत होते, पण ते तिच्याशी फोनवर, यांच्यासमोर नाही.

"उद्या सोमवार," सर म्हणाले. "हा धडा मी घेतो. उद्यापासून." शब्द सावकाश येत होते, पण एकही अडला नाही.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी शिक्षिका आहे, आधी प्रश्न वाचते. मी फोन उचलला आणि वाचला. पाच पत्रं आणि त्यांची पत्ते लिहिलेली पाच पाकिटं आहेत, प्रत्येक पाकिटात एकच पत्र घातलं. नेमकं एकच पत्र बरोबर पाकिटात पडेल असे प्रकार किती?

नेमकं एक. सगळी चुकीची नाहीत. सगळी चुकीची असतील तर चव्वेचाळीस. नेमकं एक बरोबर असेल तर पंचेचाळीस. एकाचा तर फरक, एखाद्याने दुर्लक्ष केलं असतं. मला ते जमत नाही.

"अहो, परत वाचा बरं प्रश्न."

त्यांनी वाचला. मोठ्याने वाचला, नीट. "नेमकं एकच पत्र बरोबर." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हो. चव्वेचाळीस."

"करून दाखवता?"

"आई, पुरे ना," लेक म्हणाली. "आजच परीक्षा घ्यायची आहे का?"

पण सरांनी कागद मागितला. मी त्यांना सोपंच दिलं. म्हटलं, सगळी चुकीची पडतील ते तरी काढा, तुमचं आवडतं. त्यांनी थरथरत लिहिलं, एकशेवीस. बरोबर, पाच पत्रं पाच पाकिटांत एकशेवीस प्रकारे घालता येतात. मग म्हणाले, "पहिलं पत्र बरोबर पडलं ते प्रकार चोवीस, ते नकोत. दुसरं बरोबर पडलं ते चोवीस, तेही नकोत. पाचही पत्रांचे धरले तर पाच चोक... पाच चोवीस..." बराच वेळ लागला. "एकशेवीस." आणि वजाबाकी केली.

शून्य आलं.

या शून्याची गंमत सांगते. हे शून्य म्हणजे सरांचा हुकमी एक्का. दर वर्षी ते फळ्यावर एवढंच करायचे आणि खडू खाली ठेवून म्हणायचे, "संपलं. शून्य. म्हणजे सगळी पत्रं चुकवणं अशक्य! आमचा पोस्टमन तर रोज करून दाखवतो." मुलं हसायची, मग कुणीतरी बुचकळ्यात पडायचं, आणि तिथून सर खरं शिकवायला लागायचे. दोन पत्रं बरोबर असलेला प्रकार पहिल्या पत्रासाठी एकदा वजा झाला, दुसऱ्यासाठी पुन्हा झाला. एकाच प्रकाराला आपण दोनदा बाहेर काढलं. म्हणून जोड्या परत मिळवायच्या. मिळवताना तीन बरोबर असलेले जास्त मिळवले जातात, ते पुन्हा वजा. असं करत एकशेवीस वजा एकशेवीस, अधिक साठ, वजा वीस, अधिक पाच, वजा एक. चव्वेचाळीस. पुस्तकात याला समावेश-अपवर्जनाचं तत्त्व म्हणतात. सर त्याला 'दाराचं गणित' म्हणायचे.

ते सर आता कागदावरच्या शून्याकडे बघत होते, आणि बुचकळ्यात पडलेले तेच होते.

"शून्य कसं?" त्यांनी मला विचारलं. अगदी मुलासारखं विचारलं. "अगं, शून्य कसं येईल?"

मग मला कळलं. चव्वेचाळीस हा त्यांना पाठ होता, पाढा पाठ असतो तसा. पत्रं आणि पाकिटं दिसली की जीभ चव्वेचाळीस म्हणणार. ते कुठून येतं, ती वाट मात्र पुसली गेली होती. मी पटकन म्हटलं, "दमलात तुम्ही. राहू द्या." कागद घेतला आणि चुरगळला. त्यांनी तो हातातून जाऊ दिला, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

लेक मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "एका आकड्यासाठी तू त्यांचा आनंद घालवलास."

"एका आकड्यासाठी पोरांचे गुण जातात," मी म्हटलं.

"ते पोर नाहीत. बाबा आहेत."

"म्हणून तर," मी म्हटलं, आणि नळ जोरात सोडला.

रात्री जेवताना त्यांनी परत काढलं. "उद्या मी वर येतो."

"नाही यायचं."

"धडा माझा आहे."

"धडा पुस्तकाचा आहे," मी म्हटलं. "जिना चढताना पडलात तर? आणि मुलांनी काही विचारलं तर काय सांगाल, चव्वेचाळीस?"

बोलून गेले. तोंडाला लगाम नाही माझ्या, आईसुद्धा म्हणायची. त्यांनी घास खाली ठेवला नाही, रागावले नाहीत, नुसते जेवत राहिले. मी फोन घेतला आणि शंकाच्या फोटोकडे पुन्हा पाहिलं. तिने प्रश्नाखाली लिहिलं होतं: बरोबर पडणारं पत्र पाच प्रकारे निवडलं. उरलेली चार पत्रं सगळी चुकीची पाहिजेत, म्हणून चोवीस वजा चार सक चोवीस, शून्य. पाच गुणिले शून्य, शून्य. खाली मोठं प्रश्नचिन्ह. आणि, 'सर, तुम्ही हे दारात उभं करून दाखवता म्हणे. मी तेव्हा नव्हते. कधी दाखवणार?'

तीही शून्यावरच अडकली होती. दोघंही एकाच शून्यावर, एक वर शिकायला बसणारी, एक खाली शिकवून बसलेला. मी लिहिलं, 'उद्या वर्गात दाखवतो. पटलं तर पुढे जा.' काय पटायचं होतं त्यात, देव जाणे.

सोमवारी मी मुलांना वर्गाच्या दारात उभं केलं. तिथे फरशीवर सरांनी पूर्वी रंगाने आकडे काढून ठेवलेत, आता बरेच पुसट झालेत. दाराच्या आत एक. दाराबाहेर लगेच शून्य. त्यापुढे उणे एक. आणि जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उणे दोन. सफाईवाली दर वर्षी विचारायची, पुसून टाकू का, आणि सर म्हणायचे, माझा सगळा विषय पुसून टाकशील.

तीन पत्रं घेतली, म्हणजे सहाच प्रकार. सहा मुलं उभी केली, प्रत्येकाच्या हातात एकेका प्रकाराचा कागद. लंबू म्हणतात त्या मुलाकडे तिन्ही पत्रं बरोबर असलेला कागद होता. तिघांकडे प्रत्येकी एकच बरोबर. शंका आणि आणखी एक मुलगी यांच्याकडे सगळी चुकीची. सुरुवातीला सगळे आत, एकवर.

"पहिलं पत्र बरोबर ज्यांच्याकडे, एक पाऊल बाहेर," मी म्हटलं. लंबू आणि एक मुलगी शून्यावर आले. "दुसरं पत्र बरोबर, एक पाऊल बाहेर." लंबू उणे एकवर, आणखी एक मुलगा शून्यावर. "तिसरं बरोबर, एक पाऊल." लंबू जिन्याच्या पायरीवर गेला आणि हात हलवून म्हणाला, "मॅडम, मी घरी जाऊ का?"

मुलं हसली. माझ्या तासाला हसली. मला बरं वाटलं आणि लगेच अपराधी वाटलं.

"आता सगळ्यांचे आकडे मिळवा," मी म्हटलं. "आत दोघी, म्हणजे दोन. शून्यावर तिघं. उणे दोनवर लंबू. बेरीज?"

"शून्य!" शंका ओरडली. "पण मॅडम, आम्ही दोघी तर आत उभ्या आहोत! उत्तर दोन पाहिजे. हा तिथे खाली जाऊन आम्हाला खातोय!"

"खातोयच. चूक त्याची आहे का?"

"नाही. तुम्ही त्याला तीनदा ढकललंत."

एवढ्यात लंबू मागे वळला आणि म्हणाला, "सर!"

सर जिन्यात उभे होते. लंबूच्या दोन पायऱ्या खाली, डावा हात कठड्यावर, श्वास लागलेला. केव्हापासून उभे होते कोण जाणे. आधी वाटलं पडतील, मग वाटलं कुणी काही विचारेल. दुसरी भीती जास्त मोठी होती, ते मी मान्य करते.

मुलांनी गलका केला. "सर, बरं वाटतं का? सर, कधी येणार?" सरांनी हात वर केला, पूर्वीसारखाच, आणि गलका थांबला. त्यांनी लंबूकडे बोट दाखवलं.

"हा... इथे का आहे?"

मुलांना वाटलं, सर नेहमीप्रमाणे प्रश्न विचारताहेत. मला माहीत होतं, ते खरंच विचारताहेत.

शंका पुढे झाली. "सर, त्याची तिन्ही बरोबर आहेत. म्हणून तिन्ही वेळा बाहेर गेला. जायचं एकदाच होतं."

"मग?"

"मग परत बोलवायचा. मॅडम, बोलवा ना!"

मी बोलावलं. "पहिलं आणि दुसरं दोन्ही बरोबर ज्याच्याकडे, एक पाऊल आत." लंबू उणे एकवर. "पहिलं आणि तिसरं." शून्यावर. "दुसरं आणि तिसरं." लंबू दारातून आत आला, एकवर. बाकीचे जागेवर, कारण दोन बरोबर असली तर तिसरं आपोआप बरोबर पडतं. लंबू आमच्यात येऊन उभा राहिला आणि त्याने नमस्कार केला.

"आता हा जास्त आत आला," शंका म्हणाली. "याला आत राहायचा हक्क नाही. तिन्ही बरोबर, एक पाऊल बाहेर!" लंबू पुन्हा शून्यावर गेला. दोघी आत, चौघं शून्यावर. "दोन! बरोबर आलं! सर, आलं!"

सर बघत होते. ते लंबूच्या पायाखालच्या पुसट आकड्याकडे बघत होते. मग मान हलवली, एकदा, पुन्हा एकदा. चेहऱ्यावर काहीतरी जागेवर आल्यासारखं दिसलं. मला वाटलं आता बोलतील, पण त्याआधी शंकाच बोलली.

"सर, तुम्ही फोनवर किती छान समजावता. रोज. आजारी असून. माझे तर सगळ्यात जास्त फोटो असतात, मला लाज वाटते."

"रोज?" सर म्हणाले.

"रोज ना. कधीकधी दिवसातून दोनदा. तुम्ही कधी चिडत नाही. मॅडम असत्या तर..." तिने माझ्याकडे बघून जीभ चावली.

सर माझ्याकडे बघत होते. मुलं बघत होती. मी फळा पुसायला वळले. फळा कोराच होता. मागून त्यांचा आवाज आला, शांत, "अगं, विचारत जा. लाज कसली?" त्यांनी मला उघडं पाडलं नाही. उघडं पाडलं असतं तर मी भांडले तरी असते.

तास संपला. मुलं उड्या मारत खाली गेली. सर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते, उणे दोनवर. मी दारात, एकवर. मध्ये दोन आकडे रिकामे.

"सगळे वर्गातच विचारतात म्हणायचीस," ते म्हणाले.

"हो."

"रोज विचारायचो मी."

"हो. विचारायचात." मग मी बांध फुटल्यासारखी बोलत सुटले. की मुलं गेली असती, की तुम्ही चुकला असतात, की मुलं तुम्हाला हसली असती तर मी एकेकाचे कान उपटले असते आणि क्लास बंद पडला असता. की मला भीती वाटते. की रात्री तुमचा श्वास मोजत पडते आणि दिवसा तुमची आकडेमोड. सगळं ओकले.

"मला शिकवता येणार नाही," ते म्हणाले. "काल कळलं. ते शून्य आलं ना, आणि मला पुढचं दिसेना. तेव्हाच कळलं. तू कागद चुरगळलास, त्याच्या आधी."

"अहो, येईल हळूहळू..."

"ऐक गं. वर्गातून काढलंस, ते बरोबर. मीच काढलं असतं." ते एकेक शब्द शोधत होते, पण शोधून आणत होते. "पण मुलांतूनही काढलंस. त्यांना वाटतंय मी आहे. मला वाटतंय ती नाहीत. एकाच माणसाला... दोनदा."

त्यांनी लंबूच्या जागेकडे, शून्याकडे, बोट दाखवलं.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. "चुकलं माझं. उद्यापासून आत या. बसा खुर्चीवर, शिकवा काय शिकवायचं ते. मी शेजारी उभी राहते."

"बघ," सर म्हणाले, आणि खरंच हसले. "तुला अजून नाही कळलं. तो लंबू. परत बोलावला, तरी शेवटी कुठे उभा होता? आत नव्हता. बाहेरच. परत मिळवायचं ते आत घ्यायला नाही. बाहेर काढलंय, ते एकदाच निघावं म्हणून."

मी इतकी वर्षं तो धडा खाली घरात बसून ऐकलाय. असा कधी ऐकला नव्हता.

"मला एकदाच बाहेर काढ," ते म्हणाले. "दोनदा नको."

मी त्यांना हात दिला. ते उठले, उणे एकवर थांबून श्वास घेतला, आणि शून्यावर येऊन उभे राहिले. "इथे खुर्ची टाक," म्हणाले.

खुर्ची टाकली. दाराबाहेर, दाराला लागून. दुसऱ्या दिवशी मी मुलांना सगळं सांगितलं: गाठ, आकडेमोड, फोन, सगळं. वाटलं होतं बिथरतील. लंबूने एवढंच विचारलं, "मग सर विसरलेलं आम्ही त्यांना सांगितलं तर चालेल का?" दोघंजण क्लास सोडून गेले. जाऊ देत.

आता मुलं तास सुटला की खुर्चीभोवती जमतात. सर प्रश्न बघतात आणि बऱ्याचदा भलतंच उत्तर सांगतात. पत्रं आणि पाकिटं दिसली की अजूनही चव्वेचाळीसच. मुलं म्हणतात, "सर, नाही हो!" सर म्हणतात, "बरं. मला पटव." पटवता पटवता पोरांना घाम फुटतो, कारण सर पटल्याशिवाय मान हलवत नाहीत, आणि खोटी मान त्यांना हलवता येत नाही. हसतात ती मुलं, अगदी पोट धरून हसतात. मी ज्या हसण्याला घाबरत होते ते हे नव्हतं.

परवा मी आत फळ्यावर कलन लिहीत होते आणि क्लासचा फोन वाजला. शंकाचा फोटो. ती दाराबाहेर खुर्चीशीच बसली होती, हाक मारली असती तरी मला ऐकू आलं असतं. पण शिस्त ती शिस्त. फोटो तिरकाच होता. प्रश्न तोच, पाच पत्रं, नेमकं एक बरोबर. डाव्या कोपऱ्यात शाईने माखलेला अंगठा, आणि या वेळी उजव्या कोपऱ्यातही एक अंगठा, जाड, वाकड्या नखाचा. फोटो थोडा हलला होता, कारण तो अंगठा थरथरतो.

प्रश्नाखालची झटापट शंकाच्या अक्षरात नव्हती. अक्षर वेडंवाकडं, ओळ उतरत गेलेली. चोवीस वजा चोवीस. त्यापुढे पेन बराच वेळ थांबलं असावं, शाईचा ठिपका पडला होता. मग अधिक बारा. वजा चार. अधिक एक. नऊ. पाच गुणिले नऊ. आणि तिथे थांबून, खाली, 'मॅडम, इथपर्यंत आलो. पुढे चव्वेचाळीस येत नाही. कुठे चुकलं?'

दारापाशी दोघंही माझ्याकडे न बघता वाट बघत होती.

मी खडू खाली ठेवला आणि टाइप केलं, 'कुठेही चुकलं नाही. पाच नवे पंचेचाळीस. पटलं तर पुढे जा.' आणि खाली, त्या फोनवर पहिल्यांदाच, लिहिलं: मॅडम.